पान नको, झाड दाखवा

माझ्या आत्याला घरात सगळे भिंगआत्या म्हणतात. हे नाव मीच ठेवलं, सहा वर्षांची असताना, आणि ते तिला असं चिकटलं की तिचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलंय. एकतीस वर्षं ती एका मोठ्या बागेच्या तपासणी खोलीत कामाला होती. बाहेरून येणारी रोपं, कंद, कलमं त्या खोलीतून पुढे जायची. कुठलं लागवडीला जाईल आणि कुठलं भट्टीत जाईल हे ठरवणाऱ्या तिघांमधली ती एक. गळ्यात कायम दोरीला अडकवलेलं भिंग. लग्नातसुद्धा तिने ते काढलं नव्हतं, असं माझे बाबा चिडवायचे. ती म्हणायची, "काढलं होतं. तिथेच तर फसले."

गुडघे गेले आणि ती घरी बसली. बाबांची रोपवाटिका आहे आणि तिथलं गिऱ्हाईक मी सांभाळते. आजकाल गिऱ्हाईक रोप घेऊन येत नाही, फोटो पाठवतं. "हे पिवळं का पडलंय?" एवढाच प्रश्न आणि खाली अंधारात काढलेलं काहीतरी. मला या कामाचा मनस्वी कंटाळा. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, की पाणी कमी घाला. मग एकदा आत्याने माझ्या खांद्यावरून वाकून तो फोन पाहिला, माझं उत्तर वाचलं आणि फोन हातातून काढूनच घेतला. त्या दिवसापासून मी फोटो पुढे ढकलायचे आणि ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून उत्तरं द्यायची. फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवलेला, शेजारी वही. भिंग मात्र फोटोवर चालत नाही. त्यातून फोटोचे ठिपके मोठे दिसतात, पानावरचे नाही. याचं तिला फार वाईट वाटायचं.

तिचा नियम एकच होता. "पान नको, झाड दाखवा." लोक नेहमी एकाच पानाचा फोटो पाठवतात, एक तर सगळ्यात वाईट किंवा सगळ्यात देखण्या पानाचा. ती प्रत्येकाकडून चार फोटो मागायची. एक पूर्ण झाडाचा, आजूबाजूच्या झाडांसकट. एक सगळ्यात नव्या पानाचा, एक सगळ्यात जुन्या पानाचा, आणि एक पान उजेडासमोर धरून. सावलीत काढायचे, शेजारी पांढरा कागद ठेवायचा, म्हणजे फोनने रंगात काय लबाडी केली ते कळतं. एका गृहस्थांनी चेहरा गोरा करायची सोय चालू ठेवून गुलाबाचा फोटो पाठवला होता. पानांवरचे सगळे डाग गायब. आत्याने त्यांना लिहिलं, गुलाबाचं लग्न ठरवायचं नाहीये, आहे तसा दाखवा.

मी हळूहळू शिकले. एका बाईंच्या अनंताची नवी पानं पिवळीधमक, पण शिरा हिरव्या, आणि पानाची दोन्ही अंगं अगदी सारखी. आत्या म्हणाली, लोह मिळत नाहीये, पाण्यात चुना जास्त असेल. एकाच्या मनीप्लांटवर पांढरे पट्टे. तिने देठ आणि खोड दाखवायला सांगितलं. पानावरचा पांढरा पट्टा जिथून सुरू होत होता, त्याच रेषेत खोडावरही पांढरी रेघ होती, आणि हिरव्या-पांढऱ्याची सीमा कात्रीने कापल्यासारखी. ते त्या वेलीचं जन्माचं लेणं. गुलाबवाल्या गृहस्थांचे खरे फोटो आले तेव्हा मात्र त्यात नागमोडी पिवळ्या रेघा होत्या, एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला जवळपास नाहीतच. तिने त्यांना लिहिलं की हा विषाणू आहे, औषध नाही, झाड जगेल, पण त्याचं कलम कुणालाही देऊ नका.

"भूक शिस्तीची असते," ती मला म्हणाली होती. "शिरा बघून चालते, डावं-उजवं सारखं ठेवते. जातीचा रंग असेल तर तो दर पानावर थोडाफार तोच हिशेब पाळतो. आजार कुणाचंच ऐकत नाही. आणि एक लक्षात ठेव, जातीचा रंग शेजारच्या झाडावर उडी मारत नाही."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं.

बाबा तिचे थोरले भाऊ. त्यांचं सगळं आयुष्य कर्दळीत गेलं. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत कर्दळीचे अकरा वाफे, आणि टाकीच्या कडेला, सगळ्यात शेवटी, आईचं बेट. मी जन्मले त्या वर्षी आईने तिथे एक कंद लावला होता. हिरवं पान, लाल फूल, कुठेही मिळेल अशी साधी जात. बाबा आईला ठिणगी म्हणायचे, तिच्या रागावरून, आणि त्या बेटालाही तेच म्हणायचे. आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे जाऊन उभे राहतात. मी लांबून बघते आणि मला भडभडून येतं, मग मी उगाच कुणावर तरी ओरडते.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला बाबांनी त्या बेटाभोवती हिरवी जाळी बांधली. तिन्ही बाजूंनी, पुरुषभर उंच. मी विचारलं तर म्हणाले, ऊन लागतंय. तीस वर्षं त्या बेटाला ऊन लागलं नव्हतं. पण बाबांशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, म्हणून मी आपल्या कामाला लागले.

त्याच आठवड्यात आत्याच्या फोनवर बाबांनी पाठवलेला एक फोटो आला. मी तिच्याकडेच होते. आम्हाला दोघींनाही नवल वाटलं, कारण बाबा तिला कधी काही विचारत नसत. दहा मिनिटांवर राहतात. काही सांगायचं असलं तर दारात येऊन हाक मारतात, आणि झाडांच्या बाबतीत तर धाकट्या बहिणीचं मत म्हणजे त्यांना अपमानच वाटायचा. फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं: "शेवटच्या वाफ्यात पिवळ्या कर्दळीला हा कोंब आला. नवी जात आहे ना? तू सांगशील ते."

'तू सांगशील ते' हे शब्द माझ्या बापाने उभ्या जन्मात कुणाला लिहिले नव्हते.

पान सुंदर होतं, यात शंका नाही. नुकतंच उलगडलेलं, मागून उतरतं ऊन, आणि मधल्या शिरेपासून कडेकडे गेलेल्या सोनेरी रेघा. फोटो मात्र विचित्र होता, उभा आणि अरुंद, पट्टीसारखा. पान कडेकडेपर्यंत भरलेलं, मागे काहीच नाही. आमच्याकडे रेघांची एक जात आधीपासून आहे. तिच्या पिवळ्या रेघा मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अखंड जातात, आणि दर पानावर तशाच. या पानावर त्या अखंड होत्या की तुटक, हे त्या उन्हात नीट कळत नव्हतं.

आत्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. वही ओढली, पेन उघडलं. मला वाटलं आता ती चार फोटो मागणार. तिने पेन बंद केलं आणि वही बाजूला सारली.

"वहिनीचं नाव द्यायचं असेल त्याला," ती म्हणाली.

मग तिने लिहिलं: "नैसर्गिक दिसतंय. अभिनंदन, दादा."

बाबांचं उत्तर लगेच आलं, फक्त दोन जोडलेले हात. मी बाबांना कधी कुणाला हात जोडताना पाहिलं नाही.

पुढचा महिना बाबांना वारं लागल्यासारखं झालं होतं. तो कोंब त्यांनी कंदासकट काढला, तुकडे केले, कुंड्यांत लावले, आणि दर कुंडीवर स्वतःच्या अक्षरात 'ठिणगी' अशी पाटी. मग त्याच तंद्रीत बाकीचे वाफेही विरळ करायला घेतले. एक सुरी, अकरा वाफे. बाबांची सुरी त्यांच्या वडिलांची, पातं झिजून बोटभर उरलेलं. दोन बेटांच्या मध्ये ती औषधाच्या पाण्यात बुडवायची असते, हे आत्या त्यांना गेली वीस वर्षं सांगत आली आहे. बाबा ती धोतराला पुसायचे, हल्ली पँटला पुसतात, एवढीच प्रगती. कंदांचे तुकडे निघाले ते दरवर्षीप्रमाणे वाटले गेले. दवाखान्याच्या बागेत, शाळेत, ओळखीच्या माळ्यांकडे. मी स्वतः पिशव्या भरून दिल्या.

सहा-सात आठवड्यांनी दवाखान्याच्या माळ्याचा फोटो आला. लाल कर्दळ, आमच्या तिसऱ्या वाफ्यातली. नव्या पानावर शिरांच्या कडेने पिवळे तुटक ठिपके. त्याने लिहिलं होतं, ताई, हीसुद्धा नवी जात का? मी तो पुढे पाठवला. आत्याने चार फोटो मागितले. आले. ते बघून तिने एवढंच विचारलं की हे कंद कुठल्या दिवशी काढले.

चार दिवसांनी शाळेतून फोटो आला. पाचवा वाफा. मग एका गिऱ्हाइकाचा, आठवा वाफा. रंग वेगळे, जाती वेगळ्या, पानं वेगळी, आणि ठिपके तेच. काही पानं सुरकुतलेली, एका अंगाला ओढलेली. फोन वाजला की आत्या आता खुर्चीत ताठ व्हायची. मी वहीत वाफ्यांचे आकडे लिहीत होते आणि ते आकडे टाकीकडे चालले होते. आम्ही दोघी एकाच गोष्टीला भीत होतो आणि कुणीच तिचं नाव काढत नव्हतं. नवव्या वाफ्यानंतर तिने काठी मागितली. "गाडी बोलाव," म्हणाली. "फोटो पुरे झाले."

ती रोपवाटिकेत चार वर्षांनी आली होती. आईला नेलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. फाटकापासून ती वाफ्यावाफ्यात थांबत गेली. दर ठिकाणी एक पान वाकवायची, सूर्यासमोर धरायची, भिंग लावायची, सोडून द्यायची. उजेडासमोर धरलं की सगळं उघडं पडत होतं. रेघा नव्हत्याच. तुटक ठिपके होते, वेडेवाकडे ओळीत लागलेले, लांबून रेघांसारखे दिसणारे. 'ठिणगी'च्या कुंड्यांत तर दोन पानं एकसारखी नव्हती. एक ठिपक्यांनी भरलेलं, एक अर्धं, आणि एक अगदी स्वच्छ. आजारी कर्दळ मधूनच असं एखादं निरोगी पान काढते. माणूस त्या पानावर विश्वास ठेवतो.

बाबा गोदामाच्या दारात उभे होते. पुढे आले नाहीत. म्हणाले, लोह कमी पडलं असेल, मी देतो.

आत्या तिथूनच म्हणाली, "लोह कमी असतं तर शिरा हिरव्या राहून मधलं पिवळं पडलं असतं. दोन्ही अंगांना सारखं. दादा, तुला हे माहीत आहे."

बाबा आत निघून गेले. तिने पानांचे तुकडे पिशव्यांत घातले, वाफ्यांचे आकडे टाकले आणि तिच्या जुन्या तपासणी खोलीत पाठवले. जाळीच्या आत ती गेली नाही. मी म्हटलं, तिथलंही पान घेऊया. ती म्हणाली, आधी बाकीचं येऊ दे.

आठ दिवस आम्ही थांबलो. त्या आठ दिवसांत बाबांनी मला एक फोटो दाखवला, आईच्या बेटातल्या नव्या पानाचा. हिरवंगार, एक ठिपका नाही. "हे बघ," म्हणाले, "तिच्या बेटाला काही झालेलं नाही. आत्याला पाठव." मी पाठवला. आत्याचं उत्तर आलं: "हे एक पान आहे."

निकाल आला. अकराच्या अकरा वाफ्यांत विषाणू. आत्या पुन्हा आली आणि या वेळी सरळ टाकीकडे गेली. बाबा तिच्या मागे गेले. तिने जाळीची दोरी सोडली नाही, त्यांची वाट बघत उभी राहिली. शेवटी त्यांनीच सोडली. आतलं बेट मी तीन महिन्यांनी बघत होते. एक हिरवं पान वर होतं, फोटोतलं. बाकी सगळी पानं ठिपक्यांनी भरलेली, कितीतरी जुनी पानंसुद्धा, काहींवर ठिपक्यांच्या जागी वाळलेल्या तपकिरी रेघा. आत्याने भिंग उचललंसुद्धा नाही.

या विषाणूला औषध नसतं. कंद खणून काढायचे, मातीतला बोटभर तुकडाही ठेवायचा नाही, वाळवायचे आणि जाळायचे. अकरा वाफे माणसं लावून दोन दिवसांत खणले. बारावं, आईचं बेट बाबांनी एकट्याने खणलं. सकाळपासून दुपारपर्यंत. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनी हातानेच दूर राहायला सांगितलं. माती हातांनी चाळत होते, तुकडा राहू नये म्हणून. तीस वर्षांचे कंद, एकात एक गुंतलेले, खाली टाकीच्या दगडापर्यंत गेलेले. नंतर मी फोन घेऊन बसले आणि ज्यांना ज्यांना पिशव्या दिल्या होत्या त्या सगळ्यांना एकेक करून कळवलं. कुणी चिडलं नाही. माळी तर म्हणाला, ताई, आत्याबाईंनी बघितलं होतं ना, मग चूक कशी झाली?

हे मी आत्याला सांगितलं नसतं, पण तिने विचारलं. ऐकून तिने गळ्यातलं भिंग काढलं आणि बिस्किटांच्या डब्यात टाकलं.

"माझी नजर गेली," म्हणाली. "आता मला फोटो पाठवू नकोस. कुणाचेच."

त्यानंतर ती खिडकीजवळ नुसती बसायची. जेवण कमी झालं. एकतीस वर्षांत जिच्या हातून एक आजारी कंद सुटला नाही, तिच्या एका शब्दावर आईचं बेट गेलं, हे तिच्या मनात पक्कं बसलं होतं. मला बाबांचा राग यायचा. ते एकदाही तिच्याकडे गेले नाहीत, एकदाही म्हणाले नाहीत की जाऊ दे, फोटोच तो. माणूस शत्रूलाही एवढं म्हणतो.

मग एक दिवस मला आईच्या बेटाचा जुना, फुललेला फोटो हवा होता, फ्रेम करायला. बाबा अंघोळीला गेले होते, फोन टेबलावर होता. मी मागे मागे जात राहिले आणि ते सोनेरी पान समोर आलं. उभा, अरुंद फोटो. त्याच्या आधी, त्याच मिनिटाला काढलेला, मूळचा फोटो होता, रुंद. सोनेरी पान त्यात डावीकडे होतं. मधोमध आणि उजवीकडे, अगदी ठळक, आईचं बेट होतं. जाळी बांधण्याच्याही आधीचं. पानापानावर ठिपके, एक पान सुरकुतून वळलेलं.

म्हणजे बाबांनी सुरी हातात घेण्याच्या आधीच ते बेट आजारी होतं, आणि बाबांनी ते बघितलं होतं. आजार म्हटलं असतं तर सगळ्यात आधी तेच बेट खणावं लागलं असतं. म्हणून त्यांनी फोटो कापला, बेटाभोवती जाळी बांधली, आणि बहिणीला विचारलं.

मला संताप आला. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. मी तो फोन तसाच उचलला आणि आत्याकडे गेले. तिच्यासमोर धरला. म्हटलं, बघ, तुझी नजर नव्हती गेली. तुला दाखवलंच नव्हतं. तुझी काही चूक नाही.

तिने बोटांनी फोटो मोठा केला नाही. एकदाच बघितला आणि फोन उलटा ठेवला.

"फोटो कापलाय हे मला त्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली. "एवढा अरुंद फोटो कुणी काढत नाही. मागे काय आहे तेही कळलं होतं. शेवटच्या वाफ्याच्या शेजारी दुसरं आहेच काय?"

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर त्याने पाठवला असता," आत्या म्हणाली. "आणि मग मला सांगावं लागलं असतं."